डझनाचा हिशेब

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला सांगितले, "तू रसायनात काम केलेस, तर त्यावर दहा मिनिटे बोल." मी ठरवले की आपल्याला नववीत शिकवलेला एकच धडा पुन्हा सांगायचा आणि तो मी नोकरीत कसा चुकवला, तेही सांगायचे. ज्या सरांनी तो शिकवला ते समोर पहिल्या रांगेत बसले आहेत. त्यामुळे हे भाषण कमी आणि कबुलीजबाब जास्त आहे.

तो तास बऱ्याच जणांना आठवत असेल. धडा होता मोल संकल्पनेचा. सर वर्गात आले ते पुंडलिकनगरच्या रस्त्यावरच्या हातगाडीवाल्या दादांना बरोबर घेऊनच. दादांच्या एका हातात तराजू, दुसऱ्या हातात केळ्यांची टोपली. मागच्या बाकावरून कोणीतरी "आज प्रसाद आहे का सर?" असे विचारले होते. तो कोण, हे आता सांगत नाही. तो आज दोन मुलांचा बाप आहे.

सरांनी टेबलावर एक डझन मोठी केळी ठेवली आणि शेजारी एक डझन वेलची केळी. दोन्ही मोजली, बारा आणि बारा. मग तोलली. मोठी भरली १ किलो ४४० ग्रॅम, वेलची भरली ४८० ग्रॅम. सरांनी फळ्यावर लिहिले : नग तेवढेच, वजन तिप्पट. मग म्हणाले, "मोल म्हणजे एवढेच. डझन हे जसे मोजायचे माप आहे, तसेच मोल हेही मोजायचे माप आहे. डझनात १२ नग असतात. मोलमध्ये ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण असतात. १२ ग्रॅम कार्बनमध्ये एक मोल अणू आणि २४ ग्रॅम मॅग्नेशियममध्येही एक मोल अणू. मॅग्नेशियमचा अणू मोठे केळ, कार्बनचा अणू वेलची."

ती संख्या किती मोठी, हे आपल्याला कळावे म्हणून सरांनी आणखी एक गणित करायला लावले होते. १२० ग्रॅमचे एक केळ धरा. अशी एक मोल केळी घेतली, तर वजन होते ७.२ गुणिले १० चा २२ वा घात किलो. चंद्राचे वस्तुमान जवळपास तेवढेच आहे. म्हणजे मोलने केळी मोजायची नसतात, मोलने अणू मोजायचे असतात. केळ्यांचा चंद्र होतो, पण पाण्याच्या रेणूंचा एक मोल जेमतेम १८ ग्रॅम, चार चमचेसुद्धा नाही.

पण अणू मोजणार कसे? सरांनी हा प्रश्न दादांनाच विचारला. "दादा, तुम्ही माल घेता किलोवर आणि विकता डझनावर. मग वीस किलोत किती डझन निघणार, हे कसे ठरवता?" दादा म्हणाले, "एका केळाचं वजन हाताला माहीत असतं सर. त्यानं भागायचं." मग लगेच उलट विचारले, "पण वीस किलो म्हणजे दांड्यासकट का नुसत्या फण्या?"

आपण सगळे हसलो. सर हसले नाहीत. त्यांनी ते वाक्य फळ्यावर लिहिले आणि म्हणाले, "हे लिहून घ्या." मी लिहून घेतले, पण समजून घेतले नाही.

त्याचा हिशेब असा. नुसत्या फण्या वीस किलो असतील, तर १२० ग्रॅमने भागून सुमारे १६६ केळी, म्हणजे जवळपास १४ डझन. पण घड वीस किलोचा असेल आणि त्यात दोन किलो दांडा असेल, तर केळी फक्त अठरा किलो. म्हणजे १५० नग, साडेबारा डझन. तराजू दोन्ही वेळा वीसच दाखवतो. गिऱ्हाईक मात्र दांडा विकत घेत नाही.

पुढच्या तासाला शिकरण झाले. सरांनी समीकरण लिहिले : दोन केळी आणि एक पेला दूध, त्याचे एक वाटी शिकरण. तीन डझन केळी आहेत आणि दूध एक डझन पेले आहे. शिकरण किती? एक डझन वाट्या, आणि एक डझन केळी उरणार. दूध संपले की शिकरण थांबले. जे आधी संपते ते ठरवते. रासायनिक समीकरणातले आकडे असेच नगांचे असतात, किलोचे नसतात. "दोन किलो केळ्यांना एक किलो दूध" असे उत्तर माझ्या वहीत होते आणि सरांनी त्यावर लाल फुली मारली होती. म्हणून पद्धत तीन पायऱ्यांची : आधी किलोचे डझन करा, मग समीकरणाने जोड्या लावा, मग हवे तर डझनाचे पुन्हा किलो करा. मधली पायरी गाळली की हिशेब चुकलाच.

आता माझी कथा. पदवी झाल्यावर मी आपल्या भागातल्या एका लहान कारखान्यात केमिस्ट म्हणून लागलो. नाव सांगत नाही, चूक माझी होती. तिथे धुण्याच्या कामातून आम्लाचे पाणी निघायचे. हजार लिटरच्या टाकीत ते साठवायचे, त्यात सोडा टाकून आम्ल मारायचे आणि मगच पाणी पुढे सोडायचे. समीकरण नववीतलेच :

Na₂CO₃ + 2HCl → 2NaCl + H₂O + CO₂

सोड्याच्या एका नगाला आम्लाचे दोन नग लागतात. त्या दिवशी नमुना तपासून मी काढले की टाकीत ७.३ किलो हायड्रोक्लोरिक आम्ल आहे. त्याचा एक मोल ३६.५ ग्रॅमचा, म्हणजे २०० मोल. त्याला सोडा लागणार १०० मोल. सोडा ॲशचा मोल १०६ ग्रॅमचा, म्हणून १०.६ किलो. इथपर्यंत सरांचा विद्यार्थी बरोबर होता.

पण गोदामातली सोडा ॲशची पांढरी पूड संपली होती. त्याऐवजी काचेसारख्या खड्यांच्या धुण्याच्या सोड्याचे पोते आले होते. मी म्हटले, सोडा तो सोडा. १०.६ किलो तोलला आणि थोडा थोडा करत टाकला, कारण एकदम टाकला तर कार्बन डायऑक्साइडचा फेस टाकीबाहेर येतो. फेस आला, हळूहळू बसला. मला वाटले काम झाले, आणि मी झडपेकडे वळलो.

तिथे एक वयस्कर ऑपरेटर होते. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. ते म्हणाले, "साहेब, कागद लावला का?" पीएच पेपर बुडवला, तर लालभडक. सुरुवातीला होता जवळपास तसाच. मामांनी चिमूटभर सोडा आणखी टाकला, तर पुन्हा फसफस. म्हणजे फेस बसला होता तो आम्ल संपले म्हणून नव्हे, सोडा संपला म्हणून. दूध संपले होते, केळी शिल्लक होती.

चूक कुठे झाली, हे कळायला मला अर्धा तास लागला, आणि कळले तेव्हा हातगाडीवाले दादा आठवले. खड्यांच्या सोड्यात प्रत्येक Na₂CO₃ बरोबर पाण्याचे दहा रेणू बांधलेले असतात. त्याला स्फटिकजल म्हणतात. १०६ मध्ये १८० मिळवा, मोल झाला २८६ ग्रॅमचा. म्हणजे शंभर किलो खड्यांत ६३ किलो नुसते पाणी, आणि पाणी आम्लाला मारत नाही. मी दांड्यासकट घड तोलला होता आणि फण्यांचा हिशेब लावला होता.

१०.६ किलो खड्यांत सोडा होता फक्त ३७ मोल. त्याने आम्ल मारले ७४ मोल. १२६ मोल, म्हणजे ४.६ किलो आम्ल टाकीत तसेच होते. एवढे कमी होऊनही कागदाचा रंग का बदलला नाही? कारण पीएचचे माप दहापटीच्या पायऱ्यांचे असते. आम्ल एक तृतीयांशाने घटले, तर पीएच ०.७ वरून ०.९ वर येतो. डोळ्याला ते दिसत नाही. म्हणून कागद किती उरले ते सांगत नाही, उरले आहे एवढेच सांगतो.

मग हिशेब पुन्हा केला. १०० मोलमधून ३७ गेले, ६३ मोल हवेत. गुणिले २८६, म्हणजे आणखी १८ किलो खडे. शेवटचे दोन किलो मुठीमुठीने, दर वेळी कागद लावून, कारण जास्त झाला तर पाणी उलट अल्कधर्मी होते. सोडायच्या पाण्याचा पीएच ५.५ ते ९ मध्ये असावा लागतो. तो आत आला तेव्हा झडप उघडली. मामांनी तो कागद लावला नसता, तर ते पाणी खालच्या नाल्यात गेले असते, आणि त्या नाल्याच्या काठाला लोकांच्या विहिरी होत्या. ही गोष्ट मला आजही बोचते.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. पोत्यावरचे नाव वाचून तोलायचे नाही. थोडा नमुना तोलून तापवायचा, गार करून पुन्हा तोलायचा, वजन घटायचे थांबेपर्यंत. जेवढे घटले तेवढा दांडा. हे दोन्ही प्रकारच्या सोड्याला लागते. उघड्या पोत्यातली पूड दमट हवेत पाणी धरते, तर खडे कोरड्या हवेत पाणी सोडून वरून पांढरे पडतात. महिन्यापूर्वीचा हिशेब आज लागू पडेलच असे नाही. आम्लाच्या ड्रमचेही तसेच. ड्रमात आम्ल थोडे आणि पाणी जास्त असते, म्हणून ड्रमचे वजन हे आम्लाचे वजन नव्हे.

सर, तुम्ही त्या दिवशी "लिहून घ्या" म्हणालात, तेव्हा मी वहीत ते वाक्य लिहिले होते. ती वही मी परवा शोधून काढली. त्यात दादांचे वाक्य आहे, आणि त्याच पानावर माझ्या किलोच्या शिकरणावरची तुमची लाल फुलीही आहे. ते पान मी आज बरोबर आणले आहे. जेवणाच्या वेळी तुम्हाला दाखवीन. एकच विनंती, आता तरी त्या गणिताला बरोबरची खूण करा, कारण खाली मी ते पुन्हा सोडवले आहे.