दोन सभांमधील पाच मिनिटे



आजची ही केंद्र परिषद एक वाजता संपेल. आपल्यापैकी कित्येकांना दोन वाजता आपापल्या गावी शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेस बसावयाचे आहे. येथील चर्चा डोक्यात घोळत असताना तेथील इतिवृत्त उघडले, तर पालकांचे बोलणे कानांवर पडते, पण ध्यानात राहत नाही. या दोन सभांच्या मध्ये करावयाच्या श्वासनिरीक्षणाविषयी मी बोलणार आहे.

हा प्राणायाम नव्हे. प्राणायामात श्वासाचे नियमन असते. येथे श्वास जसा येईल तसा केवळ पाहावयाचा. बौद्ध परंपरेत यास आनापान म्हणतात. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रातील दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस हेच करवितात. तेथे श्वास मोजत नाहीत. परंतु ‘विशुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथात मोजणी सांगितली आहे, आणि नवशिक्यास तिचा आधार बरा पडतो.

रिकाम्या वर्गात खुर्चीवर बसावे, तळपाय जमिनीस टेकवावेत, पाच मिनिटांचा गजर लावावा. नजर खाली ठेवावी. नाकपुड्यांशी श्वासाचा स्पर्श जाणवावा. तो न जाणवल्यास पोटाची हालचाल पाहावी. प्रत्येक श्वास सोडताना मनात एक अंक म्हणावा, दहापर्यंत जावे आणि पुन्हा एकपासून आरंभ करावा.

एखाद्या शिक्षिकेचा पहिला दिवस डोळ्यांसमोर आणा. चौथ्या श्वासाला पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब आठवतो. अर्ध्या मिनिटाने ध्यानात येते की मोजणी सुटली. त्या पुन्हा ‘एक’ म्हणतात. मिनिटाला पंधरा श्वास धरले, तर पाच मिनिटांत पाऊणशे होतात. तरी त्या दिवशी दहाचा आकडा एकदाही गाठला जाणार नाही, असे समजून चालावे. मन भटकले हे ओळखून परत येणे हाच येथील अभ्यास आहे. वीस वेळा भटकले, तर वीस वेळा अभ्यास झाला. याउलट, मोजता मोजता आकडा तेवीसवर गेला, तर तोंडपाठ पाढा चालू असून लक्ष दुसरीकडे आहे, असे ओळखावे.

उत्साहाने श्वास जोराने ओढण्याची चूक पुष्कळांकडून होते. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होऊन चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. तसे झाल्यास मोजणी सोडून श्वास आपोआप चालू द्यावा. झोप येऊ लागल्यास डोळे पूर्ण उघडावेत. अपुऱ्या झोपेची भरपाई यातून होत नाही. काहींना श्वासाकडे पाहिल्यानेच घाबरे होते. त्यांनी तळपायांच्या स्पर्शाकडे लक्ष द्यावे आणि तरीही घाबरे वाटल्यास थांबावे.

आठवडाभरात मन शांत होईल, असे मी सांगत नाही. प्रारंभी इतकेच घडते की, सभेत लक्ष सुटल्याचे थोडे लवकर कळते. समितीतील भांडण याने मिटत नाही.

गजर झाल्यावर घाईने उठू नये. विषयपत्रिकेवरील पहिला विषय सावकाश वाचावा आणि मग सभेस जावे.