गटारीनंतरची सकाळ आणि बिघडलेला ठोका

श्रावण लागायच्या आदल्या रात्री, म्हणजे गटारीला, आपल्याकडे पुरुषमंडळींची बैठक जमते. दुसऱ्या दिवशी डोकं दुखणं, मळमळ होणं हे आपण गृहीतच धरतो. आज आम्ही बोलणार आहोत ते त्याच सकाळी होणाऱ्या एका वेगळ्या त्रासाबद्दल. तो हृदयाच्या ठोक्यांचा आहे आणि धडधाकट माणसालाही होतो.

आमच्या ओळखीतल्या एका घरी हे घडलं. घरचे दादा अडतीस वर्षांचे, मालेगावातच पॉवरलूमवर कामाला. बीपी नाही, साखर नाही. रोज पिणारे नव्हेत, सणावाराला बसणारे. त्या रात्री गिरणाकाठच्या एका मळ्यात मित्रांबरोबर एक क्वार्टर आणि वर एक स्ट्राँग बीअर झाली. पहाटे पाचला ते दचकून उठले. छातीत कोंबडी फडफडावी तसं होतंय, म्हणाले. वहिनींना वाटलं पित्त असेल. त्यांनी जिरं-सोडा दिला. आठ वाजता एक मित्र आला आणि म्हणाला, "थोडी घ्या, उतारा होईल." वहिनींनी त्याला परत पाठवलं आणि दादांचं मनगट धरलं. ठोके भराभर पडत होते, पण त्यांना लयच नव्हती. दोन लागोपाठ, मग थांबा, मग तीन, मग एक जोरात.

लूमचा खटखटाट आपल्या कानात बसलेला असतो. एकच लूम चालू असला की ताल लागतो. शेडमधले सगळे लूम आपापल्या वेगाने सुरू झाले की कुठलाच ताल सापडत नाही. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांचं तसंच होतं. एरवी एका जागेहून विजेचा इशारा निघतो आणि सगळं हृदय एका तालात आकसतं. या त्रासात वरचे कप्पे आकसायचे सोडून मिनिटाला तीनशेहून जास्त वेळा नुसते थरथरतात. त्यातले काही इशारे खालच्या कप्प्यांपर्यंत पोचतात, तेही वेळीअवेळी. म्हणून मनगटावर तो गोंधळ लागतो. डॉक्टर याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात.

आता प्यायले रात्री, मग त्रास पहाटे का? दारू उतरू लागली की शरीर ताण आल्यासारखं वागतं आणि हृदयाला पळवणारी रसायनं रक्तात वाढतात. रात्रभर लघवीला जास्त झालेलं असतं, उलट्या झाल्या असतील तर पाण्याबरोबर पोटॅशियम आणि मॅग्नेशियमसारखे क्षारही जातात. झोप तुटक झालेली असते. त्यात दारू वरच्या कप्प्यांच्या स्नायूला चिडखोर बनवते. अशा वेळी एखादा चुकार ठोका थरथर सुरू करायला पुरतो. 1978 साली अमेरिकेत फिलिप एटिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा 24 जणांच्या नोंदी छापल्या. हे त्रास सुट्ट्यांच्या आणि आठवडाअखेरीच्या पिण्यानंतर दिसत, म्हणून त्यांनी त्याला 'हॉलिडे हार्ट' म्हटलं. आपण गटारीचं हृदय म्हणू.

"बीअर म्हणजे काय दारू झाली का?" असं नेहमी ऐकायला मिळतं. हिशेब करून बघा. विदेशी दारूची 180 मिलीची क्वार्टर म्हणजे तीस मिलीचे सहा पेग. स्ट्राँग बीअरची 650 मिलीची बाटली जवळजवळ चार पेगांइतकी. म्हणजे दादांच्या पोटात एका रात्रीत दहा पेग गेले होते.

नाडी कशी बघायची? माणसाला दहा मिनिटं शांत बसवा. त्याचा तळहात वर करा. अंगठ्याच्या खाली, मनगटाच्या कडेला आपली पहिली दोन बोटं हलकेच ठेवा. आपला अंगठा लावू नका, त्यात आपलीच नाडी लागते. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चौपट करू नका, ठोके वेडेवाकडे असले की तो आकडा फसवतो. मोजताना पायाने ताल धरून बघा. शंभर-एकशेदहाच्या घरात पण एका तालात पडत असतील, तर प्यायल्यानंतर असं पुष्कळांना होतं आणि बहुतेक वेळा ते दुपारपर्यंत बसतं. मधूनच एखादा ठोका चुकणंही बरेचदा साधं असतं. पण पायाला ताल सापडतच नसेल, किंवा बसल्या जागी नाडी एकशेवीसच्या वर राहत असेल, तर ईसीजी असलेल्या दवाखान्यात लगेच न्या. लगेच अशासाठी, की थरथर चालू असतानाच ईसीजीत ती सापडते. थांबली की कागद अगदी चांगला येतो आणि मग "गॅस असेल" म्हणून माणूस घरी येतो.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "किती वाजता सुरू झालं?" वहिनींनी पाच सांगितलं. ही वेळ फार मोलाची. वरचे कप्पे नीट आकसत नसले की तिथे रक्त साचतं, त्याची गुठळी होऊ शकते, आणि ती मेंदूत गेली तर लकवा. निरोगी माणसात थोड्या तासांत हा धोका कमी असतो. 48 तास उलटले, किंवा वेळच माहीत नसली, तर ठोका ताळ्यावर आणण्याआधी रक्त पातळ करण्याचा विचार करावा लागतो.

दुसरा प्रश्न होता, "काही घेतलं होतं का?" दादा म्हणाले, "नाही." वहिनी क्षणभर थांबल्या, मग म्हणाल्या, "डॉक्टर, काल गटारी होती. एक क्वार्टर आणि एक बीअर." मैत्रिणींनो, चारचौघांत हे सांगणं सोपं नाही. पण त्यामुळे डॉक्टरांना दिशा मिळाली. ईसीजी काढला, रक्तातले क्षार आणि थायरॉइड तपासलं, ठोके हळू करणारं औषध दिलं. दुपारी तीनच्या सुमारास ठोका आपोआप ताळ्यावर आला. बहुतेकांचा एका दिवसात येतो.

तरी सोनोग्राफीसारखी हृदयाची इको तपासणी करायला लावली, कारण लहानपणच्या सांधेतापाने बिघडलेली झडप कधीकधी अशीच उघडी पडते. दादांची इको चांगली निघाली. म्हणून दारू हेच कारण, असं म्हणता आलं. तपासणीआधीच ते धरून चालू नये.

हा त्रास पुन्हा होऊ शकतो. ऑस्ट्रेलियात नियमित पिणाऱ्या आणि हा त्रास असलेल्या 140 जणांवर अभ्यास झाला, तो 2020 साली छापून आला. निम्म्यांना दारू सोडायला सांगितली. सहा महिन्यांत पिणाऱ्यांपैकी शंभरातल्या 73 जणांना त्रास परत झाला, सोडणाऱ्यांपैकी 53 जणांना. सोडल्याने सगळ्यांचा थांबला नाही, पण फरक मोठा पडला. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद करताना डॉक्टरांना विचारावं, कारण त्याला थरथर आणि झटके येऊ शकतात.

आणि घरात हे करू नका. उतारा म्हणून पुन्हा दारू नको. शेजाऱ्याची हृदयाची गोळी नको. त्या माणसाला मोटारसायकल चालवू देऊ नका. छातीत दुखलं, दम लागला, चक्कर येऊन पडला, तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर नाडी मोजत बसू नका, 108 लावा.

या वर्षी दीप अमावस्येला त्या घरी दिवे पूजले गेले आणि दादा घरीच जेवले. मित्र बोलवायला आले होते. वहिनी सांगत होत्या, "ते काही बोलले नाहीत, नुसतं आपलं मनगट धरून दाखवलं."