न वाजलेली शिट्टी



१७ मे २००६. पॅरिसच्या स्ताद द फ्रान्सवर चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना चालू आहे, बार्सिलोना विरुद्ध आर्सेनल. अठराव्या मिनिटाच्या सुमारास रोनाल्डिन्होचा पास बचावफळी भेदून सॅम्युएल एटोपर्यंत पोचतो. समोर फक्त गोलकीपर येन्स लेहमन. तो धावत पुढे येतो, एटो चेंडू त्याच्या बाजूने काढतो आणि लेहमन त्याला डीच्या किंचित बाहेर पाडतो. एटो पडला तरी चेंडू थांबत नाही. घरंगळत तो लुडोविक ज्युलीकडे जातो आणि ज्युली रिकाम्या गोलात मारतो.

पण तो गोल धरला गेला नाही, कारण नॉर्वेचे पंच टेर्ये हाउगे यांची शिट्टी आधीच वाजली होती. लेहमनला लाल कार्ड मिळालं. युरोपातल्या या सर्वोच्च क्लब स्पर्धेच्या अंतिम सामन्यात बाहेर काढला गेलेला तो पहिलाच खेळाडू. बार्सिलोनाला मिळाली फ्री किक, आणि ती वाया गेली. बार्सिलोनाचा गोल गेला, आर्सेनलला सत्तर मिनिटांहून जास्त वेळ दहा जणांनी खेळावं लागलं आणि दोन्ही संघ पंचांवर नाराज झाले. आणखी दोन क्षण थांबलो असतो तर गोलही देता आला असता आणि लेहमनला पिवळं कार्डही, असं हाउगे यांनी नंतर स्वतःच बोलून दाखवलं.

हे जे ‘थांबणं’ आहे, त्यालाच फुटबॉलमध्ये ॲडव्हान्टेज म्हणतात. फाऊल झालेला आहे, पंचांनी तो पाहिलेला आहे, तरीही ते शिट्टी वाजवत नाहीत. शिट्टी वाजवली तर ज्याच्यावर अन्याय झाला त्याचंच जास्त नुकसान होणार असतं. बचावपटू पाय अडकवतो, पंच खेळ थांबवतात, तेवढ्यात पूर्ण बचावफळी मागे परतून भिंत उभी करते. म्हणजे फाऊल करणाऱ्याला हवं होतं ते पंचांनीच त्याच्या पदरात टाकलं. हे टाळण्यासाठी १९०३ साली नियमात ही सोय आली.

त्या सोयीत बराच काळ एक अडचण होती. पंचांनी एकदा ‘खेळू द्या’ ठरवलं की मागे फिरता येत नसे. पुढच्याच पावलाला खेळाडूचा तोल गेला आणि चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे गेला, तरी तो फाऊल कायमचा विरला. साहजिकच पंच धोका पत्करायला कचरत आणि लगेच शिट्टी फुंकून मोकळे होत. १९९६ मध्ये हे बदललं. अपेक्षित फायदा लगेच मिळाला नाही, तर मूळ फाऊलकडे परतून फ्री किक देण्याची मुभा पंचांना मिळाली. आजच्या पाचव्या नियमात ही मुदत ‘काही सेकंद’ एवढीच सांगितली आहे, आकडा दिलेला नाही. व्यवहारात ती दोन-तीन सेकंदांची असते.

या दोन-तीन सेकंदांत पंच काय पाहतात? नवख्या पंचाची नजर पडलेल्या खेळाडूवर खिळते. मुरलेला पंच फाऊल मनात नोंदवतो आणि ताबडतोब पुढे बघतो. चेंडू कुणाकडे आहे? तो नीट ताब्यात आहे का? गोल किती लांब आहे? पुढे चढाई करणारे किती आणि बचाव करणारे किती?

समजा डाव्या बाजूने विंगर निघाला आहे. गोल चाळीसेक मीटरवर आहे. मागून कुणीतरी त्याचा शर्ट ओढतो, तो डगमगतो, पण चेंडू पायाशीच आहे. समोर दोन बचावपटू आणि मधोमध त्याचा एक साथीदार मोकळा धावतोय. इथे शिट्टी वाजवणं म्हणजे त्याच्या हातातोंडाशी आलेला घास काढून घेणं. आता तोच शर्ट, तीच ओढ, पण विंगर आपल्याच हाफमध्ये, गोलकडे पाठ करून उभा आहे आणि भोवती तिघे आहेत. चेंडू त्याच्याकडे आहे हे खरं, पण फायदा काहीच नाही. इथे सरळ फ्री किक द्यावी. चेंडू ताब्यात असणं आणि फायदा असणं या दोन गोष्टी एक नाहीत, आणि मैदानावरच्या निम्म्या चुका या दोहोंची गल्लत झाल्यामुळे होतात असं माझं मत आहे. डीच्या तोंडाशी, वीस मीटरवर फाऊल झाला आणि संघात चांगला फ्री किक मारणारा असेल, तर गर्दीत अडकलेल्या चेंडूपेक्षा ती फ्री किकच अधिक मोलाची असते.

सामन्याचा पाराही बघावा लागतो. नियमांच्या मार्गदर्शनातच तसं म्हटलेलं आहे. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर दोन तालीम मंडळांची लढत रंगली आहे, गॅलरी खच्चून भरली आहे, आणि मैदानात दोघांची आधीच एकदा जुंपलेली आहे. अशा वेळी मध्यरेषेपाशी पाय घातला गेला, आणि पंचांनी उदार मनाने ‘खेळा, खेळा’ म्हटलं, तर ज्याला मार बसला तो पुढच्या मिनिटाला हिशेब चुकता करायला जातो. तिथे शिट्टी फुंकून, दोघांना चार शब्द सुनावून, सामना थंड केलेलाच बरा.

डीच्या आत गणित आणखी बदलतं. पेनल्टी किकवर साधारण चारपैकी तीन वेळा गोल होतो. एवढी मोठी संधी सोडून ‘खेळू द्या’ म्हणायचं, तर समोरची संधी त्याहून मोठी हवी. म्हणजे चेंडू जवळजवळ जाळ्यात असला पाहिजे. म्हणून डीच्या आत हाताने खूण करण्याची घाई चांगला पंच करत नाही. तो शिट्टी ओठांपासून दूर ठेवतो आणि क्षणभर गप्प राहतो. साथीदाराने गोल केला तर उत्तम, नाहीतर पेनल्टी आहेच. बरेच पंच शिट्टी तोंडात न धरता हातात धरतात. हात तोंडापर्यंत जायला जो अर्धा क्षण लागतो, तेवढ्यात चित्र स्पष्ट होतं.

एक गोष्ट प्रेक्षकांना फार खटकते. स्ट्रायकरवर फाऊल होतो, तो सावरतो, दोन पावलं टाकून मोकळा शॉट मारतो आणि चेंडू बारवरून जातो. गॅलरीतून ओरड सुरू: ‘फाऊल होता, फ्री किक द्या!’ नाही, देता येत नाही. नियमाने त्याला संधी मिळवून द्यायची होती, आणि ती त्याला मिळाली. ती वाया घालवणं हे त्याचं काम झालं, पंचांचं नव्हे. एका फाऊलच्या दोन संधी द्यायच्या नसतात. मात्र त्याच फाऊलच्या धक्क्याने त्याचा दुसरा स्पर्श चुकला आणि चेंडू निसटला, तर फायदा मिळालाच नाही. अशा वेळी पंच परत फिरतात. दोन्हींमधली रेघ बारीक आहे. शॉट मारताना खेळाडू सावरलेला होता की अजून पडतच होता, यावरून ती ओळखायची.

खेळू दिलं म्हणजे माफ केलं असं मुळीच नाही. बेदरकार टॅकलला पिवळं कार्ड लागू असेल, तर खेळ पुढच्या वेळी थांबल्यावर ते दाखवलंच पाहिजे. पण दोन ठिकाणी शिक्षा उतरते. नुसती चांगली चढाई थांबवणारा फाऊल असेल आणि ॲडव्हान्टेज दिला गेला, तर त्या कारणासाठी कार्ड नाही, कारण चढाई थांबलीच नाही. आणि गोलची उघड संधी हिरावणारा, एरवी लाल कार्डाचा फाऊल असेल, पण खेळ चालू राहिला, तर पिवळं. हाउगे यांनी थांबून ज्युलीचा गोल होऊ दिला असता, तर लेहमनच्या वाट्याला हेच आलं असतं.

धोकादायक, जखमी करणारा टॅकल, मारहाण, किंवा ज्यामुळे दुसरं पिवळं कार्ड मिळेल असा फाऊल असला, तर मात्र ॲडव्हान्टेज देऊच नये असं नियम सांगतो. अपवाद फक्त समोर गोलची स्पष्ट संधी असण्याचा. यामागचं कारण व्यवहाराचं आहे. ज्याला बाहेर जायचं आहे तोच खेळाडू अजून मैदानात धावतोय. तो परत येऊन गोल वाचवू शकतो किंवा त्याचाच कुणी चिडलेला प्रतिस्पर्धी त्याला गाठू शकतो. म्हणून नियमात पुढचीही तरतूद आहे. असा खेळाडू चेंडूला भिडला किंवा कुणाच्या आड आला, की पंच खेळ थांबवतात, त्याला बाहेर काढतात आणि इनडायरेक्ट फ्री किक देतात.

आता दुसऱ्या टोकाचं उदाहरण. ३ डिसेंबर २०२३, मँचेस्टरचं इतिहाद स्टेडियम, मँचेस्टर सिटी विरुद्ध टॉटनहॅम. स्कोअर ३-३, खेळ भरपाईच्या वेळेत. मध्यरेषेच्या आसपास एमर्सन रोयाल अर्लिंग हालंडला पाडतो. हालंड लगेच उठतो. पंच सायमन हूपर दोन्ही हात पुढे करून खूण करतात: खेळा. हालंड लांबवर चेंडू सोडतो, जॅक ग्रीलिश एकटाच त्याच्यामागे धावतो, पुढे सगळं मैदान मोकळं आहे. आणि तेवढ्यात शिट्टी वाजते.

कागदावर पाहिलं तर हूपर यांना मागे फिरण्याचा अधिकार होता, वेळही दोन-तीन सेकंदांचाच झाला होता. पण तो अधिकार फायदा ‘न मिळाल्यास’ वापरायचा आहे. इथे फायदा पासच्या रूपाने नुकताच निघाला होता. फाऊल झाल्याक्षणी शिट्टी वाजली असती तर कुणी फार बोललं नसतं. हात पुढे केल्यावर थांबले असते तर ग्रीलिश गोलकीपरसमोर पोचला असता. ज्या मधल्या क्षणी त्यांचं मन पालटलं, तो एकच क्षण चुकीचा होता. पंच म्हणून मला त्यात धडधडीत अज्ञान दिसत नाही. पडलेल्या खेळाडूला पाहून ‘आता काही खरं नाही’ असं वाटणं स्वाभाविक आहे. पण खूण केली की नजर पडलेल्या माणसावरून उचलून चेंडूच्या पुढच्या प्रवासावर न्यायला हवी.

व्हीएआरने तरी हे दुरुस्त करता आलं असतं का? नाही. तेव्हा व्हिडिओ पंच गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि कार्ड भलत्याच खेळाडूला दाखवलं जाणं, एवढंच तपासत. मध्यरेषेवरची फ्री किक त्यात बसत नव्हती. शिवाय शिट्टी वाजली की चेंडू मृत होतो, आणि ग्रीलिशची ती धाव कुठलीही पुनर्दृश्यं परत आणू शकत नाहीत. सिटीच्या खेळाडूंनी हूपर यांना घेरलं, तावातावाने बोलणाऱ्या हालंडला पिवळं कार्ड मिळालं, आणि पंचांना घेरल्याबद्दल इंग्लिश फुटबॉल संघटनेने क्लबला १ लाख २० हजार पौंडांचा दंड केला. सिटीच्या हाती लागली मैदानाच्या मध्याजवळची एक फ्री किक, आणि सामना ३-३ असाच संपला.