राणीमाशी कशी घडते



आपल्या सिरसाळ्याच्या शिवारात मोहोळ कोणी पाहिले नाही, असा माणूस सापडायचा नाही. विहिरीच्या कपारीला, वडाच्या आडव्या फांदीला आग्या मोहोळ लोंबते. पळाटीत नाहीतर बोरीच्या झुडपात हाताच्या पंजाएवढे फुलोरी माशीचे पोळे असते. मध खाल्लेला असतो, डंखही खाल्लेला असतो. पण त्या हजारो माशांत एकच राणी असते, ती राणी येते कोठून, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आज आम्ही तेवढेच सांगणार आहोत.

पुष्कळांना वाटते की राणीचे अंडे वेगळे असते. राजाच्या पोटी राजा, तसे काही तरी असेल. तसे नाही. राणीचे अंडे आणि कामकरी माशीचे अंडे एकच. नराचे अंडे तेवढे वेगळे असते, कारण ते फळलेले नसते. पण फळलेल्या कोणत्याही अंड्यातून निघालेली अळी कामकरीण होऊ शकते आणि राणीही होऊ शकते. काय व्हायचे ते तिच्या जन्मावर ठरत नाही. तिला काय खायला मिळाले, किती मिळाले आणि किती दिवस मिळाले, यावर ते ठरते.

हे डोळ्यांनी पाहायचे तर आग्या मोहोळाच्या नादी लागू नये. आग्या माशी पेटीत नांदत नाही. पेटीत नांदते ती सातेरी माशी. महाबळेश्वर तालुक्यात मांघर नावाचे गाव आहे. २०२२ साली ते ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. तिथे घरोघरी अशा लाकडी पेट्या आहेत. पेटीचे झाकण काढावे, एक चौकट हळूच उचलावी, पाठ उन्हाकडे करावी आणि ऊन खांद्यावरून पोळ्याच्या घरांत पडू द्यावे. मग तळाशी बारीक पांढरी काडी उभी दिसते, रव्याच्या कणाहून थोडी लांब. ते अंडे. तीन दिवसांनी अंडे फुटते आणि इवलीशी अळी निघते. ती दुधासारख्या पांढऱ्या थेंबात वेटोळे करून पडलेली असते.

तो पांढरा थेंब म्हणजेच राजान्न. त्याला रॉयल जेली असेही म्हणतात. ते फुलातून येत नाही. पेटीतल्या तरण्या कामकरी माशा, ज्यांना अजून बाहेर जायचे काम लागलेले नाही, त्या दाईचे काम करतात. त्या पराग आणि मध खातात आणि त्यांच्या डोक्यातल्या ग्रंथींतून हा रस पाझरतो. आईने भाकर खावी आणि लेकराला दूध मिळावे, तसाच हा प्रकार. चवीला तो आंबट आणि तुरट लागतो. गोड असेल म्हणून कोणी बोट लावले तर तोंड वाकडे होते.

आता नीट लक्ष द्या. पहिले दोन-तीन दिवस सगळ्याच अळ्यांना दाया हे दूध पाजतात. तोवर कामकरणीची अळी आणि राणीची अळी यांत मोठा फरक पडलेला नसतो. मग वाट फुटते. जिला कामकरीण करायचे तिचे दूध आखडते. तिला मध आणि पराग मिसळलेले जाडेभरडे अन्न मिळू लागते, तेही मोजके. जिला राणी करायचे तिला मात्र शेवटपर्यंत राजान्नच. आणि किती? ती खाईल त्याहून जास्त. राणीच्या घरात अळी अक्षरशः अन्नात लोळते. तिचे खाणे संपून घराचे तोंड बंद झाले तरी तळाशी राजान्न उरलेले असते.

या खाण्याने होते काय? कामकरणीच्या पायाला पराग भरायची टोपली असते, राणीला ती नसते. कामकरणीचा डंख काटेरी असतो, तो माणसाच्या कातडीत अडकतो आणि ती मरते. राणीचा डंख गुळगुळीत, आणि तो ती दुसऱ्या राणीवरच चालवते. कामकरणीचे अंडाशय नावापुरते असते. राणीचे पोट अंड्यांनीच भरलेले असते. भर हंगामात सातेरीची राणी दिवसाला काही शेकडा अंडी घालते. कामकरीण राबते आणि दीड-दोन महिन्यांत संपते, राणी दोन-तीन वर्षे जगते. आणि या दोघी सख्ख्या बहिणी, एकाच आईच्या.

ही गोष्ट जुन्या काळी कोणाला खरी वाटत नव्हती. युरोपात शिराख नावाच्या एका पाद्र्याने ती प्रथम पारखून सांगितली. पुढे जिनिव्हा शहरात फ्रांस्वा ह्युबर नावाचे गृहस्थ होऊन गेले. ते डोळ्यांनी आंधळे होते. त्यांचा ब्युर्नां नावाचा नोकर पोळी उघडून पाही, दिसेल ते सांगे, आणि ह्युबर पुढचा प्रश्न काढीत. त्यांनी पेटीतली राणी काढून पाहिली, तेव्हा माशांनी कामकरणीच्याच अळ्या निवडून राण्या केल्या. १७९२ साली त्यांनी हे ग्रंथात छापले. स्वतःला दिसत नसताना एवढे बारीक पाहणारा माणूस आम्हाला तरी दुसरा ठाऊक नाही.

राजान्नात असे काय आहे, याचा शोध अजून चालू आहे. २००८ साली ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी अळ्यांच्या अंगातले एक द्रव्य बंद पाडले. त्यातल्या बऱ्याचशा अळ्या राणीसारख्या निघाल्या, त्यांची अंडाशये वाढलेली होती. यावरून उलगडा होतो तो असा. एकाच पुस्तकात दोन धडे आहेत, एक राणीचा, एक कामकरणीचा. प्रत्येक अळीच्या अंगात ते पुस्तक सबंध असते. कोणता धडा उघडायचा आणि कोणता मिटवायचा, ते अन्न ठरवते. एखादाच जादूचा पदार्थ असेल असे मात्र आता पुष्कळ जण मानीत नाहीत. अन्नाची भरती, त्यातली साखर, आणि पराग न मिळणे, या सगळ्याचा हात त्यात आहे. माणसाने बाटलीतले राजान्न खाल्ले म्हणजे त्याचे आयुष्य राणीसारखे वाढेल, असे कोणी विकायला आले तर पैसे कनवटीलाच राहू द्यावेत. आपण अळी नाही.

आता एक उदाहरण दिवस मोजून पाहू. समजा, एका शेतकऱ्याने पेटी तपासली आणि चौकट परत ठेवताना राणी चिरडली. त्याला ते कळलेही नाही. माशांना मात्र काही तासांतच कळते, कारण राणीच्या अंगाचा वास पेटीतून नाहीसा होतो. माशा सैरावैरा फिरतात, पंख फडफडवीत वेगळाच आवाज करतात.

एका दिवसाच्या आत त्या काही कोवळ्या अळ्या निवडतात. अळीचे घर रुंद करतात आणि मेण लावून खाली लांबवतात. हे राणीघर भुईमुगाच्या शेंगेसारखे दिसते, तोंड जमिनीकडे. अळी आत उलटी लटकते. ती पडत नाही, कारण राजान्न घट्ट आणि चिकट असते. ते तिला छताला धरून ठेवते.

निवडलेली अळी एक दिवसाची असली तर चार दिवसांनी तिचे घर बंद होते. आत ती कोष करते. सात-आठ दिवस गेले की राणी तोंड कुरतडून बाहेर येते. म्हणजे राणी मेल्यापासून सुमारे बाराव्या दिवशी. अंड्यापासून धरले तर राणी सुमारे सोळा दिवसांत तयार होते, कामकरणीला वीस दिवसांच्या आसपास लागतात. सातेरीत एक खूण आहे. राणी निघायची वेळ आली की माशा राणीघराच्या टोकाचे मेण काढून टाकतात आणि आतला तपकिरी कोष उघडा पडतो. हे दिसले की एक-दोन दिवसांचाच प्रश्न. अशा वेळी चौकट झटकू नये, उलटी करू नये. आतली राणी अधू होते.

पहिली राणी बाहेर आली की ती बाकीची राणीघरे फोडून बहिणींना मारते. पाच-सात दिवसांनी ती उडते, हवेत पुष्कळ नरांशी तिचा संयोग होतो, आणि दोन-तीन दिवसांनी अंडी घालू लागते. म्हणजे एकविसावा दिवस उजाडला. त्या अंड्यांतून कामकरणी निघायला आणखी वीस दिवस. जुन्या राणीची शेवटची माशी विसाव्या दिवशीच निघालेली असते. तेव्हा मधले तीन आठवडे पेटीत एकही नवी माशी येत नाही, जुन्या मात्र मरत राहतात. म्हणून पेटी आधीच कमजोर असेल तर ती या काळातच बसते.

इथे वयाची फार काटेकोर अट आहे. अळी जितकी लहान, तितकी राणी चांगली. तीन दिवसांची अळी घेतली तर ती आधीच पराग खाऊ लागलेली असते. तिची राणी झालीच तर लहानखुरी होते आणि अंडी कमी घालते. चार दिवसांच्या पुढची अळी घेतली तर राणी होतच नाही, माशांनी कितीही दूध ओतले तरी. राणी मेली त्या दिवशी पोळ्यात अंडीही नसतील आणि कोवळ्या अळ्याही नसतील, तर माशांच्या हाती काही उरत नाही.

अशा पेटीत थोड्याच दिवसांत कामकरणी स्वतः अंडी घालू लागतात. सातेरीत हे फार लवकर होते. पाहायला सोपे आहे. एकेका घरात दोन-तीन अंडी दिसतात, तीही तळाशी न राहता भिंतीला चिकटलेली. ती फळलेली नसतात, त्यांतून नुसते नर निघतात. नरांच्या घरांची झाकणे फुगीर असतात आणि सातेरीत त्यांच्या मधोमध बारीक छिद्र असते. कामकरणींच्या घरांत अशी झाकणे पसरलेली दिसली की ती पेटी सावरणे फार कठीण.

म्हणून एक पेटी कधी ठेवू नये, दोन ठेवाव्यात. पहिल्या पेटीत राणी नाही आणि अंडीही नाहीत असे दिसले, तर दुसऱ्या पेटीतून अंडी आणि दुधात पडलेल्या बारीक अळ्या असलेली एक चौकट काढावी. तिच्यावरच्या माशा हलक्या हाताने त्यांच्याच पेटीत सोडाव्यात, त्यांत राणी नाही ना हे पाहावे, आणि चौकट पहिल्या पेटीत मधोमध ठेवावी. दोन-तीन दिवसांनी पाहावे. राणीघरे बांधायला सुरुवात झाली असेल तर पेटीत खरोखरच राणी नव्हती, हेही कळते आणि कामही झालेले असते. बांधली नसतील तर बहुधा आत कुठे तरी राणी आहे, ती आपल्याला दिसली नाही इतकेच.

हे सगळे फुले आणि नर असलेल्या दिवसांतच साधते. भर उन्हाळ्यात शिवार उजाड असते, पराग मिळत नाही, तेव्हा दायांनाच दूध फुटत नाही. त्या दिवसांत राणी निघाली तरी नर नसतात. काही आठवडे तिचा संयोग झाला नाही, तर ती जन्मभर फक्त नरांचीच अंडी घालते.