गुरूच्या चंद्राला झालेला उशीर

मौद्याच्या वेशीवर एकाने कंदील उघडावा, पस्तीस किलोमीटरवरील नागपुरात दुसऱ्याने तो दिसताच आपला उघडावा आणि मधला काळ मोजावा, अशी कल्पना करा. अशाच प्रयोगाची कल्पना गॅलिलिओने १६३८ मध्ये मांडली होती. परंतु प्रकाशाच्या या जाण्या-येण्यास सेकंदाचा चार-हजारावा भागही पुरतो; माणसाचा हात त्याहून कितीतरी मंद. यासाठी अंतरच अफाट हवे होते. ते गुरूने पुरविले.

गुरूचा आयो हा उपग्रह सुमारे साडेबेचाळीस तासांत एक प्रदक्षिणा करतो आणि प्रत्येक फेरीत गुरूच्या छायेत शिरतो. पंचांगातील ग्रहणाप्रमाणे येथेही स्पर्श आणि मोक्ष आहेत. पृथ्वी गुरूजवळ येत असताना आयोचा स्पर्श दिसतो, दूर जात असताना मोक्ष. समुद्रावर व भूमीवर रेखांश काढण्यासाठी या ग्रहणांची कोष्टके कॅसिनीने सिद्ध केली होती.

पॅरिसच्या वेधशाळेत काम करणाऱ्या ओले रोमर या डॅनिश ज्योतिर्विदाला कोष्टकांत एक क्रमबद्ध विसंगती आढळली. पृथ्वी दूर जात असता मोक्ष उत्तरोत्तर उशिरा होत, जवळ येत असता स्पर्श लवकर. एका प्रदक्षिणेच्या काळात पृथ्वी फार तर चाळीस-पंचेचाळीस लाख किलोमीटर दूर सरते. त्याने चौदा-पंधरा सेकंदांचाच फरक पडतो. आयो हळूहळू उजळत असल्याने एवढा फरक एका वेधात ओळखता येत नाही. परंतु चाळीस प्रदक्षिणांत तो साचून सात-आठ मिनिटांवर जातो. रोमरने एकेक ग्रहण न पाहता ही बेरीज पाहिली.

१६७६ मध्ये त्याने आधीच सांगितले की, ९ नोव्हेंबरचा मोक्ष गणितापेक्षा दहा मिनिटे उशिरा होईल. गणित ५ वाजून २५ मिनिटे ४५ सेकंदांचे होते. आयो ५ वाजून ३५ मिनिटे ४५ सेकंदांनी प्रकटला. पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ओलांडण्यास प्रकाशाला २२ मिनिटे लागतात, असा निष्कर्ष त्याने काढला. आज तो काळ सुमारे साडेसोळा मिनिटे ठरला आहे.

रोमरने स्वतः वेगाचा आकडा दिला नाही. तो हायगेन्सने काढला; आजच्या मापात सेकंदाला सुमारे २ लाख २० हजार किलोमीटर. खरा वेग २,९९,७९२ किलोमीटर. कॅसिनीचा आक्षेप मात्र पोकळ नव्हता: इतर तीन उपग्रहांत हा नियम का दिसत नाही? हे उपग्रह परस्परांना ओढतात, त्यामुळे त्यांच्या गतीत निराळेच फेरफार होतात, हे तेव्हा ज्ञात नव्हते. अखेर ब्रॅडलीने १७२८ च्या सुमारास ताऱ्यांच्या आभासी स्थानभ्रंशावरून, म्हणजे सर्वस्वी वेगळ्या मार्गाने, प्रकाशाला वेग असल्याचे दाखविले आणि हा वाद मिटला.