बाईंचं मानपत्र

मागच्या महिन्यात अनेक गटांतून एकच विचारणा आली. गावातल्या बाई किंवा गुरुजी निवृत्त झाले, गटातर्फे सत्कार ठरला, शाल-श्रीफळ आणलं, पण मानपत्रात लिहायचं काय? आमच्या गावात हे काम आमच्याच गटाकडे आलं होतं. त्यात आम्ही कुठे चुकलो आणि कसं निभावलं, ते आज सांगतो.

आमच्या बाई जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षिका. ३१ मे २०२४ ला निवृत्त झाल्या. त्यांची जन्मतारीख १ जून, म्हणजे त्या पिढीतल्या निम्म्या गावाची असते तीच! आईबापाला तारीख आठवत नसे, मग पहिलीत नाव घालताना गुरुजी १ जून लिहून टाकत. त्यामुळे निवृत्ती नेमकी उन्हाळी सुट्टीत येते. शाळेत पोरं नाहीत, गावात निम्मी माणसं नाहीत. म्हणून आम्ही कार्यक्रम शाळा उघडल्यावर, जूनच्या शेवटी ठेवला.

पहिला मजकूर आम्ही तालुक्याच्या फ्लेक्सच्या दुकानातून आणला. त्याच्याकडे मानपत्र तयारच असतं, फक्त नाव बदलायचं. ‘ज्ञानाचा अथांग सागर’, ‘त्यागाची मूर्ती’, ‘चंदनासारखे झिजलात’. बैठकीत वाचला, सगळ्यांना बरा वाटला. तेवढ्यात आमच्यातल्या एका आजींनी विचारलं, “हे कुणाचं गं?” त्यांना नाव नीट ऐकू आलं नव्हतं. मग आम्हीच नावावर हात ठेवून पुन्हा वाचलं. तो मजकूर तालुक्यातल्या कुठल्याही शिक्षकाला चालला असता. तेव्हापासून आमची हीच परीक्षा आहे. नाव झाकून वाचायचं, आणि ऐकणारीने माणूस ओळखला तरच कागद पुढे न्यायचा.

मग मजकूर आम्हीच लिहायला घेतला. मानपत्रात तीन गोष्टी लागतात: नोकरीचा प्रवास, केलेलं काम आणि स्वभाव. प्रवास सगळ्यांत सोपा, आणि चुका तिथेच जास्त. कोण म्हणे बाई आपल्याकडे पंधरा वर्षं होत्या, कोण म्हणे आठ. शेवटी बाईंनाच त्यांचं सेवापुस्तक बघून तारखा सांगायला लावल्या. नेमणूक डिसेंबर १९९१ ची, एकूण चार शाळा, आणि आमच्या गावात २००५ ते २०१६, म्हणजे अकरा वर्षं. मानपत्रात हे तीन वाक्यांत संपवलं. चारी शाळांच्या रुजू झाल्याच्या तारखा वाचत बसलं तर मागची पोरं उठून जातात.

कामाचं मात्र जपून लिहावं लागतं. ‘मुलींच्या शिक्षणासाठी झटल्या’ असं म्हटलं तर ऐकणारीच्या डोळ्यांपुढे काहीच येत नाही. आम्ही मुख्याध्यापकांना विनंती केली आणि त्यांनी शाळेचं जुनं जनरल रजिस्टर पाहून दिलं. कोणतं मूल कधी आलं, दाखला घेऊन कधी गेलं, हे त्यात असतं. बाई आल्या त्या वर्षी चौथी पास झालेल्या नऊ मुलींपैकी चौघींनीच पाचवीसाठी दाखला नेला होता. पाचवी होती ओढ्यापलीकडच्या गावात, तीन किलोमीटरवर. बाईंनी भाषण केलं नाही. त्यांनी आमच्या आयांच्या पाळ्या लावल्या. रोज दोघी जणी पोरींना ओढ्यापार सोडणार आणि दोघी संध्याकाळी आणणार. पाळी चुकली की दुसऱ्या दिवशी बाई स्वतः दारात. पाच वर्षांनी चौथीतल्या एकूण एक मुलीने दाखला नेला होता. मानपत्रात आम्ही लिहिलं, “आपण आम्हाला ओढ्यापर्यंत चालायला लावलेत. पुढची वाट आमच्या मुली चालल्या.” मानपत्र नेहमी त्या माणसाला ‘आपण’ म्हणून, त्याच्याशी बोलल्यासारखं लिहितात. ‘त्यांनी असे केले’ अशी बातमी करायची नाही.

खरी अडचण स्वभावाशी आली. बाईंचा स्वभाव सांगायला सगळ्यांना एकच गोष्ट आठवत होती, आणि तीच लिहावी की नाही यावर आमच्यात दोन तट पडले. २००९ साली बाईंच्या एका जुन्या विद्यार्थिनीचं आठवीनंतर लग्न ठरलं होतं. बाईंनी कुठे तक्रार केली नाही. संध्याकाळी तिच्या घरी जाऊन बसल्या. चहा घेतला नाही, वाद घातला नाही, एवढंच म्हणाल्या, “दहावी होऊ द्या.” लग्न थांबलं. मुलगी दहावी झाली, आज आमच्याच एका गटाची सचिव आहे. पण तिचे वडील गावातच आहेत. तेव्हा झालेल्या बोलाचालीनंतर ते बाईंशी कधी बोलले नाहीत, आणि कार्यक्रमाला ते येणारच होते.

काही जणी म्हणाल्या, नाव न घेता लिहू. पण गावात नाव न घेऊन काय लपतं? सगळ्या माना तिकडेच वळणार. सत्काराच्या दिवशी एकीचा मान करताना दुसऱ्याची मान खाली घालायची, हे आम्हाला पटेना. गाळून टाकावं, तर बाईंचं मानपत्र पुन्हा फ्लेक्सच्या दुकानातलं होणार. शेवटी ठरलं की ज्या मुलीची गोष्ट आहे तिलाच विचारायचं. ती दोन दिवस काही बोलली नाही. मग म्हणाली, “लिहा. पण लग्न मोडलं असं नका लिहू. बाई तीन वेळा आल्या आणि माझ्या वडलांनी ऐकलं, असं लिहा. ऐकलं त्यांनीच ना?” जाऊन तिने वडलांनाही ते वाक्य वाचून दाखवलं. ते हो म्हणाले नाहीत, नको म्हणाले नाहीत.

वाक्य असं झालं: “एका लेकीच्या शिक्षणासाठी आपण तिच्या घरी तीन वेळा गेलात, आणि तिच्या वडिलांनी आपला शब्द राखला.”

दोन बारीक गोष्टी सांगतो. मानपत्र साडेतीन-चार मिनिटांत वाचून व्हावं. आमचं आधी सात मिनिटांचं झालं होतं, मोठ्याने वाचून दम लागेल तिथे वाक्य तोडलं. आणि प्रती दोन करायच्या. फ्रेममधल्या काचेवर मंडपाचा उजेड चमकतो, अक्षर दिसत नाही. वाचायला मोठ्या अक्षरातला साधा कागद घ्यायचा आणि वाचून झाल्यावर फ्रेम हातात द्यायची. छपाईआधी ऱ्हस्व-दीर्घ दोघींनी तपासलं, कारण बाई आधी तेच बघणार!

कार्यक्रमात वाचणारी त्या वाक्यापाशी आली तेव्हा मंडप गप्प झाला. तिने पुढचं वाचायला घेतलं, तेवढ्यात मागच्या रांगेतून वडलांचा आवाज आला, “तीन नाही, चार वेळा आल्या होत्या. चौथ्या वेळी मी घरातच होतो, दार उघडलं नाही.”

बाई खुर्चीतून उठल्या, पण काही बोलल्या नाहीत. त्यांनी त्यांना नमस्कार केला. वाचणारीने पेनाने ‘तीन’ खोडून ‘चार’ केलं आणि वाक्य पुन्हा वाचलं. तो खोडलेला कागद आमच्या गटाच्या फायलीत आहे. बाईंच्या घरी भिंतीवरच्या फ्रेममध्ये अजून ‘तीन’च आहे.