मागच्या बाकावरचा आवाज
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



तीस वर्षांनी आपल्या भुसावळात या सगळ्यांसमोर उभी आहे आणि पोटात गोळा आलाय. एकटीने स्टेजवर उभं राहून लोकांना हसवणं हे माझं काम. पण आज समोर ते मागचे बाकवाले बसलेत, ज्यांनी शाळेत एकही भाषण धड पूर्ण होऊ दिलं नाही. (हशा) म्हणून विषयही त्यांचाच घेतलाय. चालू कार्यक्रमात प्रेक्षकांतून कोणी खवचट शेरा मारला, की पुढे काय होतं?

आठवतंय का, गणिताचा तास चालू होता. बाहेर रुळांवरून मालगाडी खडखडत निघाली आणि मागून कोणीतरी ओरडलं, "सर, गाडी आली, चला!" सगळा वर्ग फुटला. सरांनी खडू खाली ठेवला, तेच वाक्य आमच्यासाठी पुन्हा म्हटलं आणि विचारलं, "डबे किती मोजलेस?" तो म्हणाला, "अठ्ठावन्न." सरांनी फळ्यावर ५८ लिहिलं, एका डब्याची लांबी धरली, पुढे पूल काढला आणि अख्खी गाडी पूल ओलांडायला किती वेळ घेईल, ते आमच्याकडून काढून घेतलं. ओरडणाऱ्यालाच उत्तर सांगायला लावलं. आज मी पोटासाठी जे करते, ते सगळं त्या पाच मिनिटांत होतं. मला कळायला मात्र वीस वर्षं लागली.

ही कला आपल्याकडे जुनी आहे. खानदेशातल्या यात्रेत तमाशा पाहिलेल्यांना ठाऊक आहे की तिथे प्रेक्षक गप्प बसणार, असं कोणी धरूनच चालत नाही. गौळणीतली मावशी आणि बतावणीतला सोंगाड्या समोरून आलेल्या आवाजाला उत्तर देतात आणि पुन्हा कथेत शिरतात. वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये दादा कोंडके हवालदार व्हायचे. संहिता तीच, पण त्या दिवसाच्या घडामोडी आणि समोरचा प्रेक्षक पाहून हजरजबाबी भर पडायची, म्हणून तेच लोकनाट्य लोक पुन्हा पुन्हा पाहायला जात. एक गोष्ट लक्षात घ्या. हवालदार हा राजाच्या दरबारातला खालचा माणूस. तो टोला मारतो वरच्याला. म्हणून तो कोणाला बोचला तरी लोक हवालदाराच्या बाजूने राहतात. माझ्या धंद्यातलं सगळ्यात मोठं शहाणपण यात आहे, आणि ते मी चूक करून शिकले.

सुरुवातीच्या काळातली गोष्ट. एका शहरात कार्यक्रम होता. एक गृहस्थ मध्येच म्हणाले, "हा विनोद जुना आहे." मी फाडकन त्यांच्या टकलावर बोलले. पुढच्या रांगा हसल्या. मला वाटलं, जिंकले. पण त्यांच्या स्वतःच्या रांगेत कोणी हसलं नाही. शेजारची मुलगी, बहुधा त्यांचीच, खाली बघू लागली. त्यानंतरची वीस मिनिटं मी एकटीच बोलत होते. त्यांनी विनोदाबद्दल तक्रार केली होती आणि मी त्यांच्या अंगावर गेले होते. उत्तर शेऱ्यापेक्षा जड झालं, की सभागृह शेरा मारणाऱ्याचं होतं. तेव्हापासून मी अख्ख्या सभागृहाचा हशा मोजत नाही. त्या माणसाच्या रांगेकडे बघते. ती रांग हसली तरच मी बरोबर.

आता जमलेला एक प्रसंग सांगते. जळगावला कार्यक्रम होता, साधारण दोनशे माणसं. मी माझ्या रेल्वेप्रवासाचं काही सांगत होते. डावीकडून आवाज आला, "ताई, घरी सयपाक कोन करतं वो?" दोन-तीन रांगा फिसकन हसल्या.

मी पहिल्यांदा ते वाक्य माईकवर जसंच्या तसं म्हटलं. त्याचं कारण आहे. शेरा फार तर वीस जणांना ऐकू जातो. तो न सांगता उत्तर दिलं, तर उरलेल्या एकशे ऐंशींना वाटतं, ही कोणाशी भांडतेय? शिवाय म्हणता म्हणता विचार करायला दोन-तीन सेकंद मिळतात.

मग मी उत्तर दिलं नाही, प्रश्न विचारला. "दादा, तुम्हांला काय करता येतं?" ते ऐटीत म्हणाले, "चहा." मी विचारलं, "साखर कुठल्या डब्यात असते?" दादा गप्प. आणि शेजारून वहिनींचा आवाज आला, "यायले तं साखरेचा डबाबी सापडत नाई!"

सभागृह कोसळलं. दादाही हसले, त्यांची रांगही हसली. यात मी एकही विनोद केला नव्हता. तो वहिनींचा होता. मी फक्त वाट मोकळी ठेवली. हशा पूर्ण विरायच्या आत मी "तर गाडी नाशिक सोडून निघाली" म्हणत माझ्या गोष्टीत परतले. तिथे आणखी रेंगाळलं असतं, तर उरलेल्यांनाही वाटलं असतं, आपणही ओरडावं. शेवटी गोष्टीतल्या प्रवाशाने चहा मागितला, तेव्हा मी फक्त डावीकडे बघून विचारलं, "डबा?" सगळ्यात मोठी टाळी तिथे पडली.

कार्यक्रम मी फोनवर रेकॉर्ड करते. त्या रात्री तो तुकडा ऐकून वहीत उतरवला आणि पुढच्या कार्यक्रमात पुरुषांना थेट विचारलं, "साखरेचा डबा कुठे असतो?" कोणी हसलं नाही. मी उगाच परीक्षा घेतेय असं झालं. शेरा गेला, तर प्रश्नाला कारणच उरत नाही. म्हणून पुढच्या वेळी शेऱ्यासकट प्रसंग सांगितला आणि तो उभा राहिला.

पण पुण्यात एक वेगळीच अडचण झाली. मी दादांचं वाक्य आपल्या बोलीत म्हटलं आणि हशा तिथेच आला, डब्यापर्यंत जायच्या आधी. ते दादांच्या आगाऊपणाला हसत नव्हते. 'सयपाक' या शब्दाला हसत होते. म्हणजे माझ्या आईच्या बोलण्याला. टाळ्या मिळत होत्या, तरी मी तो उच्चार काढून टाकला. मग हशा थोडा कमी झाला, पण योग्य जागी आला. वहिनींचं वाक्य मात्र मी आपल्या बोलीतच ठेवलं, कारण तिथे बोली जिंकते.

सगळे शेरे असे वापरता येत नाहीत. घाण बोललेलं मी माईकवर पुन्हा म्हणत नाही, नाहीतर वीस जणांनी ऐकलेलं दोनशेंना मीच ऐकवते. पिऊन आलेल्याशी संवाद होत नाही, कारण तो प्रश्न ऐकत नाही. त्याला एकदा शांतपणे सांगायचं, नंतर आयोजकांनी बघायचं. आणि एखादी बाई एकटी बसलेली असेल, तर तिने शेरा मारला तरी मी तिला उभं करत नाही. तिच्या रांगेत तिचं कोणीच नसतं.

सर, आज तुम्ही समोर बसला आहात. त्या दिवशी ओरडणाऱ्याला तुम्ही बाहेर काढलं असतं, तर आम्ही दोन मिनिटं हसून विसरलो असतो. तुम्ही त्याला डबे विचारलेत, आणि त्याच्या बाकावरची सगळी पोरं वहीत गणित मांडायला लागली. मी शेजारच्या रांगेतून ते पाहिलं होतं.

आणि मागच्या बाकावरच्या भावांनो, इतका वेळ तुम्ही गप्प कसे, याचीच मला काळजी वाटतेय. (मागून आवाज : "जेवन कव्हा हाये वो?")

"जेवन कव्हा हाये," असं विचारतोय भो. बरं, मग मला सांग, वाढायला कोण उठणार?

(हशा, टाळ्या)